चौकशी समितीला निवेदन कसं लिहायचं : पीएचसीतल्या नवीन डॉक्टरांसाठी

नोटीस हातात पडली की पहिल्या रात्री माणूस जे लिहितो ते पाठवायचं नसतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी बरीच वर्षं ग्रामीण भागात एमओ म्हणून काढली, एकदा स्वतः समितीसमोर बसलो आणि नंतर काही चौकशांमध्ये समितीच्या बाजूनेही बसलो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ही निवेदनं वाचलीत. त्यातलं जे नवीन पोरापोरींना खरंच लागतं तेवढंच लिहितोय. सगळं एका केसवरून सांगतो. केस मी रचलेली आहे, पण असं प्रत्येक पावसाळ्यात कुठे ना कुठे घडतं.

पीएचसी, पावसाळ्यातली रात्र. ३४ वर्षांचा शेतकरी, जमिनीवर झोपला होता, मनगटाला काहीतरी चावल्यासारखं झालं, साप नीट दिसला नाही, दंशाची खूण जवळजवळ नाही. रात्री १:४० ला आणला. तुम्ही तपासलात, लक्षणं काहीच नाहीत, म्हणून एएसव्ही लगेच न देता निरीक्षणाखाली ठेवायचं ठरवलंत. पावणेतीनला तो पोट दुखतंय म्हणाला. साडेतीनला पापण्या जड झालेल्या दिसल्या, ३:४० ला एएसव्हीच्या १० वाइल सुरू केल्या, १०८ ला फोन केला, पेशंट जिल्ह्याला पोचला, तिथे व्हेंटिलेटरवर गेला आणि तिसऱ्या दिवशी वारला. नातेवाइकांची तक्रार : "डॉक्टरांनी दोन तास इंजेक्शनच दिलं नाही." समिती नेमली गेली आणि तुमच्याकडे लेखी खुलासा मागितला.

आधी कागद गोळा करा

खुलासा लिहायला बसायच्या आधी चार गोष्टी हातात पाहिजेत : नोटीस, तक्रारीची प्रत, संपूर्ण केस पेपर, आणि त्या रात्रीची रजिस्टरं (ओपीडी, लेबर रूम, औषधांचं स्टॉक रजिस्टर, रेफर स्लिपची कार्बन कॉपी). केस पेपर म्हणजे तुम्ही लिहिलेलं पान एवढंच नाही, सिस्टरच्या नोंदी पण त्यातच आल्या, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात महत्त्वाची ओळ बहुतेक वेळा सिस्टरच्या पानावरच असते. तक्रारीची प्रत दिली नसेल तर लेखी अर्ज करून मागा. मुदत कमी असेल, समजा तीनच दिवस दिलेत आणि रेकॉर्ड टीएचओ साहेबांच्या ऑफिसने सील करून नेलंय, तर तेही लेखी कळवा आणि मुदतवाढ मागा. तोंडी "बोललोय साहेबांशी" याला काही अर्थ नसतो, अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्या.

आणि एक गोष्ट इथेच, कारण ती चुकली की पुढचं सगळं वाया जातं. केस पेपरला हात लावू नका. रिकाम्या जागेत एक ओळ घुसवणं, वेळ गिरवून ठळक करणं, पान नवीन लिहून काढणं, यातलं काहीही नाही. नातेवाइकांनी रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे, शिवाय रेफर करताना जिल्ह्याच्या हॉस्पिटलला एक प्रत गेलेली असते, मोबाईलवर फोटो काढलेले असतात. दोन प्रतींत एक शब्द जरी वेगळा निघाला तरी मग समिती सापाबद्दल विचारत नाही, फक्त त्या शब्दाबद्दल विचारते. जे लिहायचं राहिलंय ते निवेदनात लिहा आणि सरळ म्हणा की ही बाब त्या वेळी नोंदवायची राहिली, आता आठवणीने लिहितोय.

घटनेबद्दल पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची किंवा गुन्ह्याची नोंद झाली असेल तर निवेदन द्यायच्या आधी वकिलाला भेटा. समितीसमोर सही करून दिलेला कागद पुढे दुसरीकडेही वाचला जाऊ शकतो, म्हणून हे आधी.

वेळेचा तक्ता, तीन रकान्यांचा

आता कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय झालं, तिसऱ्यात हे तुम्हाला कशावरून माहीत. हा तिसरा रकाना कुणी आखत नाही आणि सगळी गडबड तिथेच होते. उदाहरणार्थ १:४० ला पेशंट आला हे ओपीडी रजिस्टरवरून. १:५५ ला काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि २:१५ ला गुठळी झालेली पाहिली, हे केस पेपरवरून. २:४५ ला पोटदुखी, सिस्टरच्या नोंदीवरून. २:५५ ला मी आवाज ऐकून आलो आणि पॅन्टोप्रॅझोलचं इंजेक्शन सांगितलं, याची औषधाची नोंद आहे पण मी पेशंटला पाहिलं याची नोंद नाही, म्हणजे तिसऱ्या रकान्यात "माझी आठवण". ३:१२ ला लेबर रूममध्ये डिलिव्हरी, लेबर रूम रजिस्टर. ३:३० ला पापण्या, केस पेपर. ३:४५ ला १०८ ला फोन, माझ्या मोबाईलचा कॉल लॉग.

घड्याळांचा घोळ असतोच. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ, तुमचा मोबाईल आणि १०८ च्या कॉल सेंटरची वेळ यात पाच-सात मिनिटांचा फरक सहज निघतो. फरक दिसला तर जुळवायला जाऊ नका, कुठली वेळ कुठल्या घड्याळाची ते लिहा. आणि जिथे नक्की आठवत नाही तिथे "सुमारे". समितीत बसल्यावर मला "२:५५" अशी ठाम वेळ लिहिणाऱ्यापेक्षा "२:५० ते ३:०० च्या दरम्यान, नोंद नाही" लिहिणाऱ्यावर जास्त विश्वास बसायचा, कारण पहिल्याला मी विचारायचो की हे तुम्हाला मिनिटासकट कसं आठवतं आणि त्याच्याकडे उत्तर नसायचं.

तक्ता एकट्याने करा. सिस्टर, ड्रायव्हर, शिपाई यांच्यासोबत बसून करू नका. हेतू चांगला असला तरी मग चार जणांच्या जबाबात तेच वाक्य, त्याच शब्दांत येतं, आणि ते वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. त्यांना वेगळं आठवत असेल तर वेगळंच लिहू दे.

तेव्हा काय माहीत होतं

निवेदनाचा गाभा हा आहे, त्यामुळे इथे थोडं थांबतो.

आज तुम्हाला माहिती आहे की मण्यार चावली होती, कारण नंतर सगळं चित्र समोर आलं. रात्री २:२० ला तुम्हाला हे माहीत नव्हतं. समिती तपासते तो २:२० चा निर्णय, त्यामुळे त्या मिनिटाला तुमच्यासमोर काय होतं आणि काय नव्हतं हेच लिहायचं. नंतर कळलेलं सगळं वेगळ्या परिच्छेदात टाका, "यानंतर मला जिल्हा रुग्णालयाच्या कागदपत्रांवरून समजले की" असं स्पष्ट म्हणून. दोन्ही मिसळलं की तुमचा निर्णय एकतर मूर्खपणाचा दिसतो नाहीतर खोटा दिसतो.

आता निर्णयाचं कारण. नवीन डॉक्टर इथे काय लिहितात? "२० मिनिटांची टेस्ट नॉर्मल होती म्हणून एएसव्ही दिले नाही." हे वाक्य समितीतला फिजिशियन पहिल्या मिनिटात उडवतो. ती टेस्ट रक्त गोठतंय का ते सांगते, घोणस आणि फुरशासाठी ती उपयोगाची, पण मण्यार आणि नाग यांचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जातं, रक्त मस्त गोठत असतं आणि माणूस श्वास थांबून जातो. म्हणजे ती टेस्ट नॉर्मल आली यावरून मण्यार नाही असं ठरत नाही. तुम्हाला हे त्या रात्री माहीत होतं, तुम्ही पापण्या पाहिल्या होत्यात, मान उचलायला सांगितली होतीत, एका श्वासात किती आकडे म्हणतो ते मोजायला लावलं होतंत, पण खुलाशात फक्त टेस्ट लिहिलीत. खरा आधार लिहायचाच राहिला. म्हणून निर्णयाची सगळी कारणं लिहा, जी केस पेपरवर आहेत ती पण आणि जी फक्त डोक्यात होती ती पण, दोन्ही वेगवेगळी ओळखू येतील अशी.

मी असा मजकूर लिहिला असता :

"दि. … रोजी रात्री १:५० वाजता मी रुग्णास तपासले. नाडी ८८, रक्तदाब १३०/८०, श्वसन १८. पापण्या खाली आलेल्या नव्हत्या, मान उचलता येत होती, बोलणे स्पष्ट होते (केस पेपर पान १). एका श्वासात रुग्णाने २५ पर्यंत आकडे म्हटले. ही बाब मी पाहिली परंतु केस पेपरवर लिहिली नाही. दंशाच्या जागी सूज नव्हती. रक्त गोठण्याची २० मिनिटांची तपासणी २:१५ वाजता पाहिली, रक्त गोठलेले होते. विषबाधेचे कोणतेही लक्षण नसल्याने व एएसव्हीमुळे तीव्र ॲलर्जी होऊ शकत असल्याने मी २:२० वाजता एएसव्ही न देता रुग्णास निरीक्षणाखाली ठेवण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय माझा होता. मण्यार दंशात ही रक्ततपासणी सामान्य येऊ शकते याची मला कल्पना होती, म्हणून मी सिस्टरांना पापण्या व श्वास पाहत राहण्याची तोंडी सूचना दिली. किती वेळाने पाहायचे हे मी लेखी दिले नाही."

शेवटचं वाक्य पाहिलंत? ते काढून टाकायचा मोह होतो. ठेवा.

जी ओळ टोचते ती स्वतः लिहा

या केसमध्ये टोचणारी ओळ पोटदुखीची आहे. मण्यार चावल्यावर सुरुवातीला पोटात दुखणं हे ओळखीचं लक्षण आहे, पापण्या जड व्हायच्या आधी येऊ शकतं. सिस्टरने ते २:४५ ला लिहिलंय. तुम्ही ॲसिडिटी समजून इंजेक्शन दिलंत आणि डिलिव्हरीकडे गेलात, आणि तिथून ३:३० पर्यंत पेशंटची एकही नोंद नाही.

माझ्या स्वतःच्या खुलाशात मी अशीच एक नोंद गाळली होती. खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त ती ओळ लिहिली नाही, वाटलं विचारलं तर सांगू. समितीच्या अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न त्या ओळीवर विचारला आणि पुढचा तासभर माझ्या बाकीच्या प्रत्येक खऱ्या वाक्याकडे ते संशयानेच बघत राहिले. केसचा निकाल शेवटी माझ्या बाजूने लागला, पण तो तास मी विसरलेलो नाही, आणि चूक त्यांची नव्हती.

तेव्हा ती ओळ वेळेसकट, पान नंबरसकट तुम्हीच लिहा. "२:४५ वाजता रुग्णाने पोटदुखीची तक्रार केली (सिस्टरांची नोंद, पान ३). सुमारे २:५५ वाजता मी रुग्णास पाहिले, पापण्या व श्वास त्या वेळी ठीक असल्याचे मला आठवते, नोंद नाही. मी पोटदुखी आम्लपित्तामुळे समजलो. मण्यार दंशाशी तिचा संबंध त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही. सुमारे ३:०० ते ३:३० या वेळेत मी लेबर रूममध्ये होतो (रजिस्टर, जन्मवेळ ३:१२). या वेळेत दुसरा डॉक्टर केंद्रावर नव्हता." बस. यात "दुर्दैवाने" नको, "कामाच्या प्रचंड ताणामुळे" नको. डिलिव्हरी चालू होती आणि डॉक्टर एकच होता, या दोन ओळीच ताण किती होता ते सांगतात. लक्षात आलं होतं पण थांबायचं ठरवलं, असं असेल तर तसं लिहा. दोन्हीतलं कुठलं ते फक्त तुम्हालाच माहिती आहे आणि जे सोयीचं ते लिहायचं नाही.

तसंच तक्रारीचं. नातेवाईक म्हणतात दोन तास इंजेक्शन दिलं नाही. १:४० ला आला, ३:४० ला एएसव्ही सुरू झालं, बरोबर दोन तास. मग खुलाशात "तक्रार निराधार व खोटी आहे" असं कसं लिहिता? जे खरं आहे ते मान्य करा : "एएसव्ही आगमनानंतर दोन तासांनी सुरू केले, हे खरे आहे. कारण परिच्छेद ४ मध्ये दिले आहे." तक्रारीत असंही असेल की डॉक्टर हजरच नव्हते, तर तेवढं नाकारा आणि कशावरून ते दाखवा. नातेवाइकांबद्दल मात्र एकही शब्द नको, ते आधी मांत्रिकाकडे गेले होते वगैरे केस पेपरवर त्याच वेळी नोंदलेलं असेल तर वेळेच्या तक्त्यात एक ओळ येईल, नाहीतर ऐकीव गोष्ट लिहू नका. त्यांचा माणूस गेलाय.

"करण्यात आले" काढून टाका

सरकारी मराठीची आपल्याला इतकी सवय झालीय की हात आपोआप लिहितो : "रुग्णास तपासण्यात आले, योग्य ते उपचार तात्काळ करण्यात आले, वरिष्ठांना कळविण्यात आले." कुणी तपासलं? कुठले उपचार? तात्काळ म्हणजे किती वाजता? कुठल्या वरिष्ठांना, फोनवर की व्हॉट्सॲपवर? समितीला यातून काही कळत नाही आणि लपवाछपवीचा वास येतो, जरी तुम्ही काहीही लपवत नसलात तरी. पूर्ण खुलासा लिहून झाला की लाल पेन घ्या आणि "आले", "गेले", "योग्य", "तात्काळ", "वेळोवेळी" या शब्दांखाली रेघ मारा. प्रत्येक रेघेच्या जागी माणूस, वेळ किंवा आकडा आला पाहिजे. "तात्काळ रेफर करण्यात आले" याचं होतं : "३:४५ वाजता मी १०८ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स ४:२५ ला आली, ४:३५ ला निघाली. सोबत सिस्टर व ॲम्बू बॅग होती. निघण्यापूर्वी मी जिल्हा रुग्णालयाच्या ड्युटी डॉक्टरांना फोनवर कळवले."

इथे अजून एक. ॲम्ब्युलन्सला ४० मिनिटं लागली हे तुम्ही लिहायचंच, पण "१०८ च्या निष्काळजीपणामुळे" असं लिहायचं नाही. ती कुठून निघाली, आधीच्या कॉलवर होती का, तुम्हाला माहीत नाही. तसंच कायद्याचे निकाल खुलाशात चिकटवू नका. सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की डॉक्टरचा निर्णय चुकणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा होत नाही, आणि ते तुम्हाला माहीत असावं. पण घटनेच्या निवेदनात ते आलं की वाचणाऱ्याला वाटतं घटना सांगायची संपली आणि बचाव सुरू झाला. ते वकिलाचं काम, आणि पुढे विभागीय चौकशी लागलीच तर तिथे त्याची जागा आहे. पोटदुखीवरच एएसव्ही द्यायला हवं होतं का, हा प्रश्न पण समितीतल्या तज्ज्ञांवर सोडा, तुम्हाला विचारला तर उत्तर द्या.

मांडणी आणि देणं

वरती नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, मग तुम्ही कोण, त्या रात्री ड्युटीवर कोण कोण होतं हे दोन-तीन ओळींत. मग वेळेप्रमाणे घटना. मग निर्णय आणि त्याची कारणं. मग नोटिशीतले मुद्दे, त्यांच्याच क्रमांकाने एकेक उत्तर, एखादा मुद्दा तुमच्याशी संबंधित नसला तरी "याबाबत मला माहिती नाही" असं लिहा, रिकामा सोडू नका, कारण सोडलेला मुद्दा मान्य केल्यासारखा वाचला जातो. शेवटी परिशिष्टांची यादी, प्रत्येकाला अक्षर, प्रत्येक पानाला नंबर. अशा केसला साधारण तीन-चार पानं पुरतात. बारा पानं झाली तर समजा की मध्ये कुठेतरी भावना आणि समर्थन शिरलंय.

लिहून झालं की एक रात्र जाऊ दे. सकाळी एखाद्या जुन्या सहकाऱ्याला वाचायला द्या, शक्यतो त्या केसशी संबंध नसलेल्या, पेशंटचं नाव झाकून, आणि त्याला एवढंच विचारा : "कुठल्या वेळेत काय झालं ते तुला कळलं नाही?" आमच्या केसमध्ये तो नक्की म्हणेल की ३:०० ते ३:३० मध्ये सिस्टर कुठे होत्या. त्याही डिलिव्हरीतच होत्या. मग ती ओळ पण येते, आणि हे पण लिहायचं की त्या अर्ध्या तासात पेशंटजवळ फक्त नातेवाईक होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मसुदा टाकू नका, तो कुठे फिरेल सांगता येत नाही.

प्रत्येक पानावर सही, शेवटच्या पानावर तारीख आणि ठिकाण, दोन प्रती. एक समितीला, दुसऱ्यावर आवक शिक्का मारून तुमच्याकडे. दिल्यानंतर काही चुकलेलं लक्षात आलं, समजा घरी मोबाईल बघताना कळलं की १०८ ला पहिला फोन ३:४१ लाच लावला होता आणि लागला नव्हता, तर वाट बघू नका, पुरवणी निवेदन द्या : कुठल्या परिच्छेदात काय लिहिलं होतं, आता काय समजलं, कशावरून. आणि सुनावणीला जाताना हीच शिक्क्याची प्रत घेऊन जा, तोंडी उत्तर देताना आधी त्यातलं पान काढा आणि मग बोला.